जुना टीव्ही बघायला जाताना: खोट काचेत, उजेडात की बोर्डात?

"पाथर्डी फाट्याला भाड्याने राहतो. इंदिरानगरात एक जण चार वर्षं वापरलेला ४३ इंची एलईडी टीव्ही नऊ हजारांना देतोय. डेड पिक्सेल, पोर्ट आणि स्क्रीनवर कुठे कमी-जास्त उजेड आहे का, हे बघायला गेल्यावर कसं तपासायचं? सोबत यायला कोणी जाणकार नाही."

मी नाशिकच्या सिडकोत टीव्ही दुरुस्ती करतो, पिक्चर ट्यूबच्या काळापासून. तुम्ही विचारलेल्या तिन्ही गोष्टी तपासताना डोक्यात एकच सवाल ठेवा. दिसलेली खोट काचेत आहे, मागच्या उजेडात आहे, की बोर्डात? कारण तिघांचा खर्च वेगवेगळा.

एलईडी टीव्ही म्हणतो खरं, पण पुढची काच एलसीडीचीच असते. ती स्वतः उजेड देत नाही, मागून आलेला उजेड ठिपक्याठिपक्याला अडवते किंवा सोडते. उजेड देतात त्या मागच्या पट्ट्या, त्यांवर पांढरे एलईडी बसवलेले. पट्ट्या आणि काच यांच्यामध्ये दुधी शीट असतात, त्या उजेड सगळीकडे सारखा पसरवतात. काच गेली, म्हणजे आमच्या भाषेत पॅनेल गेलं, तर जुन्या टीव्हीला नवं पॅनेल टाकणं परवडतच नाही. तेवढ्यात दुसरा टीव्ही येतो. पट्ट्या गेल्या तर ४३ इंचीला मजुरीसकट अडीच-तीन हजारांत काम होतं. बोर्ड म्हणजे आतलं सर्किट, त्याचा खर्च नुकसान कुठे झालंय त्यावर अवलंबून. म्हणून काचेची खोट दिसली की नमस्कार करून निघायचं, उजेडाची दिसली की भाव करायचा.

जाण्याआधी एक पेन ड्राइव्ह तयार करा. कॉम्प्युटरवर पेंटमध्ये १९२० बाय १०८० मापाची सहा चित्रं बनवा: पूर्ण पांढरं, लाल, हिरवं, निळं, मध्यम राखाडी आणि काळं. काळ्या चित्राच्या एका कोपऱ्यात नखाएवढा पांढरा ठिपका ठेवा, तो का ते पुढे सांगतो. सगळी जेपीजी म्हणून सेव्ह करा, कारण पीएनजी फाइल बरेच टीव्ही उघडत नाहीत. यूट्यूबवर तपासणीचे व्हिडिओ मिळतात, पण नेटवरून येताना राखाडी रंगात पट्टे पडू शकतात आणि ते टीव्हीचे की व्हिडिओचे हे कळत नाही. शिवाय पेन ड्राइव्ह लावला की यूएसबी पोर्टची तपासणी आपसूक होते. सोबत स्वतःची चांगली एचडीएमआय केबल, घरची स्टिक किंवा सेट-टॉप बॉक्स आणि एक मऊ सुती फडकं घ्या.

वेळ संध्याकाळी सातनंतरची घ्या. दुपारी हॉलमध्ये ऊन असताना उजेडाची एकही खोट दिसत नाही, आणि दुपारीच या असा कोणी आग्रह धरला तर मला तरी शंका येते. फोनवरच सांगून ठेवा की मी येईपर्यंत टीव्ही बंद राहू द्या. पोचल्यावर मागच्या झाकणाला हात लावून बघा. कोमट लागलं तर तो आधीच चालवून ठेवलाय. थंड टीव्ही सुरू व्हायला किती वेळ घेतो, दोन-तीनदा लुकलुकतो का, सुरू होताना उभी रेघ चमकून जाते का, हे पहिल्या मिनिटातच दिसतं आणि गरम झाल्यावर लपतं. उलट काही खोटी गरम झाल्यावरच बाहेर येतात, त्यामुळे तिथून पाऊण तास हलायचं नाही असं ठरवूनच जा.

टीव्ही लावण्याआधी बंद स्क्रीनवर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फिरवा. ओरखडे दिसतील, पण मला त्यांच्यापेक्षा खालच्या कडेची काळजी जास्त असते. पुष्कळ घरांत काच पुसायचा स्प्रे थेट स्क्रीनवर मारतात. ओघळ खाली जाऊन फ्रेमच्या फटीत शिरतो. बऱ्याच मॉडेलमध्ये काचेला चित्राचा सिग्नल देणाऱ्या पातळ फिती तिथेच चिकटवलेल्या असतात. त्या गंजल्या की उभ्या रेघा येतात. फ्रेमला लागून वाळलेल्या ओघळांचे डाग असतील तर आज चित्र स्वच्छ असलं तरी मी तो टीव्ही घेत नाही.

आता स्क्रीन फडक्याने हलकेच पुसा, कोरडीच. हे सोडून पुढे जाऊ नका. एकदा दुकानात एक गृहस्थ डेड पिक्सेल दाखवायला आले होते. विकणाऱ्याशी त्यांचं फोनवर भांडणही झालं होतं. मी फडकं ओलसर करून फिरवलं, पिक्सेल फडक्यावर आला. माशीची विष्ठा होती.

पुसून झाल्यावर पेन ड्राइव्ह लावा आणि पांढऱ्या चित्रापासून सुरुवात करा. फूटभर अंतरावरून, डाव्या वरच्या कोपऱ्यातून ओळीने बघत जा, परीक्षेचा पेपर तपासतो तसं. एका पिक्सेलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन भाग असतात. पांढऱ्यावर काळा, अगदी कडक कडेचा बारीक ठिपका म्हणजे डेड पिक्सेल. एखादा भाग कायमचा चालू राहिला तर काळ्या चित्रावर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकतो. एकच भाग मेला असेल तर तो पांढऱ्यावर डोळ्यांतून निसटतो आणि त्याच रंगाच्या चित्रावर काळा दिसतो. म्हणून सगळे रंग लावायचे. बोटाने दाबून ठिपका जातो असं कोणी सांगितलं तर करू नका, एकाचे चार होतात.

ठिपका कडक कडेचा नसून धूसर असेल, किंवा केसासारखा वाकडा असेल, तर तो पिक्सेल नाही, शीटमध्ये अडकलेली धूळ आहे. डोकं बाजूला नेऊन बघा. धूळ काचेच्या मागे असल्याने ती पिक्सेलच्या तुलनेत किंचित सरकल्यासारखी वाटते. धुळीने चित्राचं काही बिघडत नाही, पण ती सांगते की हा टीव्ही कोणीतरी आधी उघडलाय. मागचे स्क्रू बघा, खोबणी झिजलेली किंवा एखादा स्क्रू वेगळाच असेल तर खात्री झाली. मग सरळ विचारा: पट्ट्या कधी बदलल्या, कुठे, बिल आहे का? बदलल्या असल्या म्हणजे वाईट असं नाही. चांगल्या कारागिराने बदलल्या असतील तर तुमचा पुढचा खर्चच वाचला.

डेड पिक्सेल किती चालतात? फुल एचडी काचेत वीस लाखांवर पिक्सेल असतात आणि कडेला एखाद-दुसरा मेलेला असेल तर आठ फुटांवरून तो तुम्हाला पुन्हा सापडणार नाही. नव्या टीव्हीतही तेवढ्यासाठी कंपन्या सहसा पॅनेल बदलून देत नाहीत. पण मधोमध असेल, किंवा एकाच जागी पाच-सात झुंडीने असतील, तर सोडा. झुंड म्हणजे तिथे कधीतरी काही आपटलंय किंवा दाब पडलाय. आणि रेघ असेल तर कितीही बारीक असो, भाव करू नका, निघा. "एकच लाइन आहे, वाढत नाही" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की ज्यांनी ते ऐकून टीव्ही घेतला त्यातले निम्मे पुढे माझ्याच काउंटरवर आले. फितीचा जोड सुटत चाललेला असतो, आणि एकदा सुटायला लागला की शेजारच्या रेघा यायला वेळ लागत नाही.

काचेचं एवढंच. आता उजेड, आणि लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे.

आधी सेटिंगमध्ये जाऊन पिक्चर मोड स्टँडर्ड करा. इको, पॉवर सेव्हिंग, डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, लोकल डिमिंग असं जे काही चालू असेल ते बंद करा. मग बॅकलाइट कितीवर आहे ते बघा. काही कंपन्या त्यालाच ब्राइटनेस म्हणतात. जो आकडा बदलल्यावर पूर्ण स्क्रीनचा उजेड कमी-जास्त होतो तो बॅकलाइट. तो तीस-पस्तीसवर सापडला तर कान टवकारा. घरात डोळ्यांना त्रास होतो म्हणूनही कोणी कमी ठेवतं, पण पट्ट्या थकल्यावर कमी उजेडात डाग लपतात म्हणूनही ठेवतात. तो शंभरवर न्या आणि राखाडी चित्र लावा. पांढऱ्यावर जे डाग उजेडात विरून जातात ते राखाडीवर उठून दिसतात.

चारेक फुटांवर उभे राहून बघा. तळहाताएवढा अंधारा डाग म्हणजे त्यामागचा एलईडी शॉर्ट झालाय. पट्टीतले एलईडी एकामागे एक जोडलेले असतात. एक शॉर्ट झाला तर करंट त्यातून तसाच पुढे जातो, तेवढीच जागा काळी पडते आणि टीव्ही चालत राहतो. पण तोच एलईडी तुटला, म्हणजे ओपन झाला, तर साखळीच तुटते आणि स्क्रीन पूर्ण काळी होते, आवाज मात्र येत राहतो. बहुतेक वेळा आजचा अंधारा डाग म्हणजे काही महिन्यांनी काळी होणारी स्क्रीन.

उलट वाटीएवढा गोल, जास्त पांढरा, जरा निळसर झाक मारणारा डाग दिसला तर एलईडीवर चिकटवलेली छोटी भिंगाची टोपी पडलीय. ती टोपी उजेड बाजूला पसरवते. गोंद उष्णतेने सुटतो, टोपी खाली पडते आणि उजेड सरळ एका जागी येतो. कधी कधी टीव्ही हलक्या हाताने तिरका केला की टोपी आत खडखडतेसुद्धा. सगळी स्क्रीनच निळी-जांभळी दिसत असेल, म्हणजे पांढऱ्या चित्रावरही लग्नाच्या हॉलमधल्या लाइटसारखी झाक असेल, तर एलईडीवरचा पिवळा फॉस्फरचा थर जळत आलाय. या तिन्ही खोटी पट्ट्यांच्या, म्हणजे दुरुस्त होणाऱ्या.

आता दिवे घालवा आणि काळं चित्र लावा. कोपऱ्यातला पांढरा ठिपका इथे कामाला येतो. पूर्ण काळं चित्र आलं की पुष्कळ टीव्ही बॅकलाइटच बंद करतात, आणि मग सगळं कसं छान काळंभोर दिसतं. ठिपका असला की बॅकलाइट चालू राहतो आणि कडांमधून झिरपणारा उजेड उघडा पडतो. समोर मध्यभागी, बसायच्या अंतरावर बसा. कोपऱ्यात राखाडी उजेड दिसला तर डोकं डावी-उजवीकडे हलवा. डोक्याबरोबर उजेड सरकला, कमी-जास्त झाला, तर तो त्या काचेचा स्वभाव आहे, खोट नाही. जागचा हललाच नाही तर फ्रेम आवळली गेलीय किंवा पॅनेल वाकलंय. भिंतीवरचा स्टँड चुकीच्या स्क्रूंनी आवळल्याने हे होतं. थोडं असेल तर दिवसा मालिका बघणाऱ्याला फरक पडत नाही, रात्री दिवे घालवून सिनेमे बघणाऱ्याला पडतो. कोपऱ्यातून पंख्यासारखा पसरलेला पिवळा उजेड असेल तर मी घेणार नाही. हे सगळं डोळ्यांनीच बघा, मोबाइलच्या फोटोत नाही. अंधारात कॅमेरा स्वतःच उजेड वाढवतो आणि चांगला टीव्हीही फुटका दिसतो.

गेल्या दिवाळीनंतर भाच्यासाठी गंगापूर रोडला असाच ४३ इंची बघायला गेलो होतो. मागणी दहा हजार. चालू होता, क्रिकेट लावून ठेवलं होतं, चित्र मस्त. बॅकलाइट चाळीसवर. शंभरवर नेऊन राखाडी लावलं तर खाली डावीकडे अंधारा डाग आणि उजवीकडे वर एक चमकणारी वाटी. काच मात्र स्वच्छ, सहाही रंगांवर एकच मेलेला पिक्सेल, तोही उजव्या कडेला. दोनपैकी एक एचडीएमआय बंद. घरातल्या वहिनींना डागाची खरंच कल्पना नव्हती, त्या म्हणाल्या, "भाऊ, आम्ही तर रोज बघतो, कधी दिसलं नाही." दिसणार नाहीच, हळूहळू होतं ते. मी हिशोब समोर मांडला: पट्ट्यांचे अडीच-तीन हजार, बंद पोर्टचे पाचशे कमी धरा. साडेसहा हजारांना ठरलं. दुकानात उघडला तर चार पट्ट्या, एका पट्टीतला एक एलईडी शॉर्ट, त्याच्या शेजारचे दोन तपकिरी पडलेले, आणि एक टोपी ट्रेच्या तळाशी. चारही पट्ट्या बदलल्या. एकच बदलली असती तर नवी पट्टी जुन्यांमध्ये जास्त पांढरी दिसून वेगळाच पट्टा उमटला असता. नंतर बॅकलाइटचा करंट थोडा कमी केला, म्हणजे नव्या पट्ट्या जास्त टिकतील.

पण हे काम मी स्वतः करणार होतो. पट्ट्या बदलताना काच पूर्ण उचलून बाजूला ठेवावी लागते, ती कागदासारखी वाकते आणि कडेला टिचली की सगळं संपलं. कोणताही कारागीर त्या काचेची हमी देत नाही. त्यामुळे तुम्ही भाव करताना दुरुस्तीचा नुसता खर्च नाही, त्याच्या दुप्पट कमी करा. तुमच्या नऊ हजारांच्या टीव्हीत असा डाग निघाला तर तीन-साडेतीन हजारांच्या वर जाऊ नका, आणि विकणारा ऐकत नसेल तर सोडून द्या.

पोर्टचं सोपं आहे, फक्त प्रत्येक पोर्ट वेगळा तपासायला लागतो आणि तिथेच लोक कंटाळतात. आपली स्टिक, आपली केबल, एकेका एचडीएमआयला लावून दोन मिनिटं चित्र आणि आवाज दोन्ही बघा. चालू असताना केबलचं टोक अगदी हलक्या बोटाने वर-खाली करा. चित्र गेलं-आलं तर पोर्टचा टाका सुटलाय, दोन-चारशे रुपयांचं काम. काहीही केलं तरी No Signal च येत असेल तर आतून जळलाय. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा झाल्या की डिशच्या केबलमधून सेट-टॉप बॉक्स आणि तिथून एचडीएमआय असा फटका बसतो. म्हणून बॉक्स ज्या पोर्टला लावलेला असतो तोच बहुधा जातो. जळलेला पोर्ट बऱ्याच बोर्डांत थेट मुख्य आयसीला जोडलेला असतो, त्यामुळे नुसता सॉकेट बदलून चालू होत नाही. दोन पोर्ट चालू असतील तर एक गेलेला मी चालवून घेतो. एकच उरलेला असेल तर बोर्डाला आधीच फटका बसलाय असं समजा.

यूएसबीला पेन ड्राइव्ह ओळखला गेला तर तो पोर्ट पास. दोन असतील तर दुसऱ्यातही लावून बघा. पेन ड्राइव्हचा दिवा लागतो पण टीव्ही ओळखत नाही, असं झालं तर आधी तो दुसऱ्या फॉरमॅटचा आहे का बघा, पोर्टला दोष नंतर द्या. साउंडबार लावणार असाल तर एआरसी लिहिलेल्या पोर्टला विशेष बघा, तो नेमका एकच असतो. स्मार्ट टीव्ही असेल तर तुमच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडा. वायफाय जोडलं जाऊन दहा मिनिटांत तुटत असेल तर तीही बोर्डाचीच तक्रार. मेन्यूमध्ये About उघडून मॉडेल नंबर मागच्या स्टिकरशी जुळतो का ते बघा. झाकण एकाचं आणि आतला बोर्ड दुसऱ्याचा अशी जुळणी बाजारात फिरते.

हे होईपर्यंत पाऊण तास झालेला असेल. निघण्याआधी राखाडी चित्र पुन्हा एकदा लावा आणि सुरुवातीला नसलेली रेघ किंवा डाग आलाय का ते बघा. मग रिमोट, स्टँडचे पाय आणि त्यांचे स्क्रू मोजून घ्या, पाय हमखास माळ्यावर राहतात.

नेताना टीव्ही उभाच न्या. रिक्षात मांडीवर आडवा टाकला तर स्पीड ब्रेकरच्या पहिल्याच दणक्यात काच मधोमध टिचू शकते, बाहेरून ओरखडाही दिसत नाही. दोघं जा, एकाने दोन्ही कडा धरून बसावं, स्क्रीनला हाताचा पंजा टेकवू नये. जमलं तर विकणाऱ्याला थोडे पैसे घरी टीव्ही लावून झाल्यावर पाठवतो म्हणून सांगा, आणि घरी पोचलात की तोच पेन ड्राइव्ह पुन्हा लावून बघा.